चौदा पार्सलांचा माफीनामा

छोट्या हॉटेलाकडून एकाच संध्याकाळी बरीच पार्सले चुकीच्या घरी गेली की मालकाला जाहीर माफीचा मजकूर लिहावा लागतो. इन्स्टाग्रामवर, फेसबुकवर, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर आणि कधीकधी दाराशी कागद चिकटवून तो लोकांसमोर येतो. वाचणारे त्याच्याकडे शिष्टाचार म्हणून पाहतात आणि लिहिणारेही बऱ्याचदा तो तसाच लिहितात: हात जोडल्याचे चिन्ह, गैरसोयीबद्दल दिलगिरी, लोभ असावा. अशा मजकुराचे पहिले काम मात्र याहून रोखठोक असते. कोणते अन्न कोणाकडे गेले, ते खाल्ले तर काय होऊ शकते आणि ज्याच्याकडे गेले त्याने आता काय करायचे, हे त्यात असावे लागते. आधी सूचना आणि मग माफी, असा हा क्रम आहे. सूचना द्यायची तर हॉटेलाला आपल्या पार्सलांचा हिशोब लागलेला हवा, आणि घोडे नेमके तिथेच अडते.

चूक मोजक्या ग्राहकांच्या बाबतीत झाली असेल तर त्यांना फोन करून मोकळे व्हावे, चारचौघांत सांगत कशाला बसायचे, असे कोणालाही वाटेल. हॉटेलात येऊन पार्सल नेणाऱ्यांच्या बाबतीत ते शक्यही असते, कारण नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नंबर गल्ल्यावरच्या वहीत किंवा मालकाच्या मोबाइलमध्ये असतात. ॲपवरून आलेल्या ऑर्डरींचे तसे नसते. हॉटेलाच्या टॅबवर ऑर्डरचा क्रमांक, पदार्थांची यादी, ग्राहकाचे नाव आणि त्याने लिहिलेली सूचना दिसते. त्याचा खरा फोन नंबर बहुतेक वेळा दिसत नाही. ऑर्डर चालू असताना ॲपमधून झाकलेल्या नंबरावर बोलता येते आणि पार्सल पोचल्यावर थोड्याच वेळात ती वाटही साधारणपणे बंद होते. ग्राहकांची माहिती ॲप कंपन्या स्वतःकडे ठेवतात ही हॉटेलवाल्यांची जुनी तक्रार आहे. रेस्टॉरंटांच्या राष्ट्रीय संघटनेने 2021 साली स्विगी आणि झोमॅटोविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे जी तक्रार नेली, तिच्यात हाही मुद्दा होता. तात्पर्य, जेवण ज्याच्या घरी गेले त्याच्याशी हॉटेलाला थेट बोलता येत नाही. ॲपच्या मदत केंद्राला कळवायचे, तिथून निरोप जाण्याची वाट पाहायची आणि तोवर आपल्या बाजूने जाहीर लिहून ठेवायचे, एवढेच त्याच्या हातात उरते. जाहीर मजकुराची गरज पडते ती मुख्यतः यामुळे.

एकाच वेळी इतकी पार्सले चुकतात तरी कशी, हे कळल्याखेरीज माफीत काय लिहायचे ते कळत नाही. एखाद्या पार्सलात रायता राहून जाणे, पोळ्या कमी भरणे या रोजच्या चुका असतात आणि त्या सुट्या सुट्या घडतात. बरीच घरे एकदम नाराज होतात ती रांग सरकल्यामुळे. समजण्यासाठी एक काल्पनिक, पण कोणत्याही पार्सल काउंटरवर घडू शकेल असा प्रसंग घेऊ.

पुण्याच्या एका उपनगरातले दहा टेबलांचे हॉटेल. दिवस गटारीच्या आधीचा रविवार. श्रावण लागणार म्हणून सामिष खाणाऱ्यांची झुंबड आणि त्याच स्वयंपाकघरातून पनीर, व्हेज बिर्याणी, भरली वांगीही चाललेली. टॅब वाजला की गल्ल्यावरचा मुलगा ऑर्डर स्वीकारतो. एक चिठ्ठी आत भटारखान्यात निघते, तिला हॉटेलवाले केओटी म्हणतात, आणि पार्सल काउंटरवर बिल छापून येते. गर्दीच्या वेळी ही बिले काउंटरवरच्या स्टीलच्या पट्टीत ओळीने खोचली जातात. आतून डबे तयार होऊन आले की भरणारा पिशवी भरतो, पट्टीतले पुढचे बिल काढतो, पिशवीला स्टेपल करतो आणि फळीवर ठेवतो. डिलिव्हरीवाला येतो, ऑर्डर क्रमांकाचे शेवटचे आकडे सांगतो आणि त्या आकड्यांची पिशवी घेऊन जातो. पिशवीत काय आहे हे त्याला ठाऊक नसते आणि सील केलेली पिशवी त्याने उघडायचीही नसते. डबे सगळे सारखेच, काळ्या बुडाचे आणि पारदर्शक झाकणाचे. वरून भाताचा थर दिला की व्हेज आणि चिकन बिर्याणी झाकणातून ओळखू येत नाही; पनीर बटर मसाला आणि बटर चिकन यांची ग्रेव्ही तर दिसायला जवळजवळ एकच.

आठ वाजून दहा मिनिटांनी एका ग्राहकाने ऑर्डर रद्द केली. भटारखान्यातली चिठ्ठी फाडून टाकली गेली, पण पट्टीतले बिल तसेच राहिले. पुढची पिशवी भरून झाली तेव्हा भरणाऱ्याने ओळीतले पहिले बिल काढले आणि तिला लावले, ते नेमके रद्द झालेल्या ऑर्डरचे. त्यानंतरच्या पिशवीला आधीच्या ग्राहकाचे बिल लागले, तिच्यानंतरच्या पिशवीला तिच्याआधीच्याचे, आणि असे करत सगळी रांग एक घर मागे सरकली. पहिल्याच्या घरी दुसऱ्याचे जेवण, दुसऱ्याच्या घरी तिसऱ्याचे. भरणारा दर वेळी आपले काम चोख करत होता. बिलांचा क्रम बरोबर होता, पिशव्यांचाही बरोबर होता. दोन्ही क्रमांची सुरुवात तेवढी जुळत नव्हती.

पहिला फोन आठ चाळीसला आला, ॲपच्या मदत केंद्रामार्फत. व्हेज बिर्याणी मागवली होती, डब्यात चिकन निघाले. गल्ल्यावरच्या मुलाने ही एकच चूक धरली, ‘सॉरी दादा, लगेच दुसरं पाठवतो’ म्हणाला आणि आत ओरडून एक व्हेज बिर्याणी वाढवली. आठ अठ्ठेचाळीसला दुसरी तक्रार आली, ती पनीरऐवजी अंडा करी आल्याची. खरे तर इथेच थांबायला हवे होते. एक तक्रार आली की डबा बदलायचा असतो. पाठोपाठ दुसरी आली की पहिल्याने काय मागवले, त्याला काय मिळाले आणि ते कोणी मागवले होते, हे ताडून पाहायचे असते. पहिल्याच्या घरी आलेली चिकन बिर्याणी दुसऱ्याने मागवली असेल आणि दुसऱ्याच्या घरची अंडा करी तिसऱ्याची असेल, तर या दोन सुट्या चुका नसून एकच चूक पुढे सरकत चालली आहे, हे कळायला तिसऱ्या फोनाची गरज पडत नाही. पण त्या गर्दीत कोणी ताडून पाहिले नाही.

आठ पंचावन्नला एक डिलिव्हरीवाला काउंटरवर येऊन उभा राहिला. त्याच्या क्रमांकाचे बिल पट्टीत होते आणि ते लावायला पिशवी उरलेली नव्हती. मग कोणाचे तरी लक्ष फळीच्या टोकाला पाऊण तास पडून असलेल्या एका पिशवीकडे गेले. तिच्यावर रद्द झालेल्या ऑर्डरचे बिल होते. जी ऑर्डर शिजलीच नव्हती तिच्या नावाची भरलेली पिशवी समोर पडून होती आणि ‘कॅन्सलचं आहे ते’ म्हणून प्रत्येकाने ती बाजूला सरकवली होती. रांग सरकली की तिच्या एका टोकाला अशी बेवारस पिशवी आणि दुसऱ्या टोकाला पिशवीवाचून बिल उरतेच. शोध घ्यायचा तो या दोन टोकांपासून.

टोके सापडली की हिशोब लागतो. रद्द झालेल्या ऑर्डरनंतर पंधरा ऑर्डरी आल्या होत्या. पंधरावा ग्राहक अजून जेवणाची वाट पाहत होता आणि बाकी चौदा पार्सले एक घर सरकून गेली होती. भटारखान्यातल्या चिठ्ठ्या आणि काउंटरवरची बिले शेजारी शेजारी मांडली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. चौदांपैकी दोघांनी आणि त्यांच्या लगेच पुढच्या ग्राहकांनी अगदी तेच पदार्थ मागवले होते. त्या दोघांना जेवण योगायोगाने बरोबर मिळाले होते, म्हणून त्यांची तक्रार येणे शक्यच नव्हते. उरले बारा. त्यांतल्या सात जणांना निव्वळ वेगळा पदार्थ गेला होता, चार शाकाहारी घरांत चिकन किंवा अंडे गेले होते आणि एका ऑर्डरवर ‘शेंगदाणे नकोत, ॲलर्जी आहे’ असे लिहिलेले असताना तिथे शेंगदाण्याच्या कुटाची भरली वांगी पोचली होती.

बारा जणांचे हे तीन गट एकाच मापाने मोजता येत नाहीत. सात जणांची गैरसोय झाली. चार जणांच्या बाबतीत गैरसोय हा शब्द तोकडा पडतो. कधी मांसाला न शिवलेल्या माणसाने घास खाल्ला असेल तर तो परत घेता येत नाही आणि पैसे परत केल्याने त्याची भरपाई होत नाही. शेंगदाण्यांची गोष्ट तर थेट जिवावर बेतू शकणारी. ज्याला तीव्र ॲलर्जी असते त्याला खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते साधारण दोन तासांत त्रास सुरू होतो: ओठ किंवा जीभ सुजणे, अंगावर गांधी उठणे, घसा आवळल्यासारखा होणे, धाप लागणे. म्हणून माफीच्या मजकुराला हात घालण्याआधी त्या एका घराशी संपर्क झाला पाहिजे. ॲपच्या मदत केंद्राला ऑर्डर क्रमांक देऊन ‘ॲलर्जी आहे, आत्ता फोन करा’ असे सांगायचे. तेवढ्याने भागत नसेल तर पार्सल पोचवणाऱ्याला गाठायचे, कारण त्याला दार माहीत असते. मजकूर त्यानंतर.

आता मजकुराकडे. अशा वेळी हाताशी तयार साचा असतो आणि तो साधारण असा लिहिला जातो:

‘प्रिय ग्राहकहो, काल काही तांत्रिक कारणांमुळे आपल्यापैकी काहींच्या ऑर्डरींमध्ये गडबड झाल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. यामुळे कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर आम्ही दिलगीर आहोत. आपला विश्वास हीच आमची संपत्ती. असेच प्रेम राहू द्या.’

यात खोटे फारसे काही नाही, पण ज्याच्या घरी डबा पडून आहे त्याला यातून काहीच कळत नाही. आपले पार्सल त्या ‘काहीं’पैकी आहे की नाही, हे त्याने कशावरून ठरवायचे? तांत्रिक कारण म्हणजे यंत्र बिघडले असे सुचते. इथे यंत्राने प्रत्येक बिल बरोबर छापले होते. ‘दुखावल्या असतील तर’ म्हटले की दुखावल्याचे सिद्ध करण्याचे ओझे ग्राहकावर येते. आणि ‘काल’ या शब्दावरून इतके कळते की डबा उघडून, खाऊन, भांडी घासून झाल्यावर हा मजकूर आला.

त्याच प्रसंगाचा उपयोगी मजकूर रात्री नऊच्या सुमारास, हिशोब लागताक्षणी, असा लिहिता येतो:

‘आज रविवारी रात्री 8.10 ते 8.55 या वेळात आमच्याकडून ॲपवर निघालेली 14 पार्सलं चुकीच्या घरी गेली आहेत. तुमचं पार्सल या वेळातलं असेल तर कृपया खाऊ नका. चार शाकाहारी ऑर्डरींच्या जागी चिकन किंवा अंडं असलेले पदार्थ गेले आहेत. एका ऑर्डरवर शेंगदाणे नकोत असं लिहिलं होतं, तिथे शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी गेली आहे. ती खाल्ली असेल आणि सूज, खाज किंवा धाप जाणवत असेल तर वाट न पाहता 108 ला फोन करा किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा. आम्ही पार्सलांना बिलं लावताना क्रम चुकवला. चूक आमच्या काउंटरची आहे, पार्सल पोचवणाऱ्यांची नाही. चौदाही ऑर्डरींचे पूर्ण पैसे परत मिळतील. त्यासाठी तुम्हाला डबा परत करायचा नाही की फोटो पाठवायचा नाही. ज्यांना अजून जेवायचं आहे त्यांची मूळ ऑर्डर पुन्हा करून पाठवतो. हॉटेलाच्या फोनवर रात्री 12 पर्यंत मी स्वतः आहे. ज्यांनी मांसाहार नको म्हणून आमच्यावर भरवसा ठेवला त्यांची आम्ही मनापासून माफी मागतो.’

हा मजकूर लांब आहे आणि फारसा गोडही नाही. त्याच्या मांडणीला मात्र कारण आहे. सुरुवातीला वेळ येते, कारण ग्राहक आपल्या मोबाइलवर स्वतः ताडून पाहू शकतो अशी ती एकच गोष्ट असते. 8.10 आधी किंवा 8.55 नंतर ज्यांची पार्सले निघाली ते निर्धास्त जेवतात आणि हॉटेलाचा फोन अडत नाही. लगेच पुढच्या वाक्यात काय करायचे ते आहे. मग पदार्थांची नावे. ‘चिकन किंवा अंडं’ असे स्पष्ट लिहायला मालकाचा हात अडखळतो. आपल्याकडे शाकाहार नुसत्या आवडीचा भाग नसतो, व्रत, घराण्याचा आचार, जैन आहारनियम असे बरेच काही त्याच्याशी जोडलेले असते. पण नेमक्या त्यामुळेच ते लिहायचे असते. त्या चार घरांना हे कळण्याचा हक्क आहे आणि इतरांना आपण त्यांत नाही हे कळल्याने धीर येतो. माफी शेवटी आहे. ती कमी महत्त्वाची आहे असे नाही. घास तोंडात जाण्याआधी वाचल्या जाणाऱ्या ओळी आधी हव्यात, इतकेच.

माफीत काय असले की ती लोकांना पटते, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे रॉय लेविकी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात माफीचे सहा घटक तपासले: खेद, काय घडले याचा खुलासा, जबाबदारी घेणे, पुन्हा असे करणार नाही ही कबुली, भरपाईची तयारी आणि क्षमेची विनंती. लोकांच्या लेखी सर्वांत वजनदार ठरले ते जबाबदारी घेणे, त्याखालोखाल भरपाईची तयारी. क्षमेची विनंती सर्वांत हलकी ठरली. आपल्याकडचे बहुतेक माफीनामे याच्या उलट्या तोलाचे असतात. सगळा भर विनंतीवर, आणि जबाबदारीची ओळ अशी रचलेली की चूक कोणीच केली नाही, ती आपोआप झाली.

जबाबदारी टाळण्याचा सर्वांत सोपा रस्ता म्हणजे डिलिव्हरीवाल्याकडे बोट दाखवणे. तो ग्राहकाला दिसलेला एकमेव माणूस असतो, त्यामुळे ते पटकन खपतेही. कधीकधी दोष खरोखर त्याचा असतो. एकाच फेरीत दोन पार्सले घेतली आणि अदलाबदल झाली, असे होते. पण तेव्हा चूक दोन घरांपुरती राहते आणि दोघांना नेमके एकमेकांचे जेवण मिळते. चौदा घरांत चौदा वेगवेगळ्या माणसांनी पोचवलेली पार्सले चुकली असतील तर मूळ काउंटरवरच असते. मांसाहाराच्या चुकीत माणसाचे नाव जाहीर करणे तर धोक्याचे ठरू शकते. ‘ज्याने हे केले त्याला कामावरून काढले आहे’ अशी ओळ वाचणाऱ्याला समाधान देते. पण नावावरून जात-धर्म शोधून एखाद्या स्टेपल मारणाऱ्या मुलाच्या हेतूवर चर्चा सुरू व्हायला वेळ लागत नाही. ज्या पद्धतीत रद्द झालेले बिल पट्टीत तसेच राहू शकते ती पद्धत मालकाची असते, म्हणून मजकुरात कर्ता ‘आम्ही’ असावा आणि त्यापलीकडे नाव नसावे.

भरपाईबद्दलही एक मोठा प्रयोग उपलब्ध आहे. उबर कंपनीने अमेरिकेत ज्यांच्या गाडीला उशीर झाला अशा सुमारे 15 लाख प्रवाशांना वेगवेगळ्या तऱ्हेचे माफीचे ईमेल पाठवले आणि पुढे ते किती वेळा गाडी बोलावतात हे अर्थशास्त्रज्ञांनी पाहिले. नुसत्या शब्दांचा परिणाम जेमतेम होता. 5 डॉलरची सवलत जोडली की माणसे टिकत होती. आणि एकाच प्रवाशाला पुन्हा पुन्हा माफी मागावी लागली तर ती उलटत होती, माफी न मागितली त्याहून वाईट. दर महिन्याला दिलगिरी व्यक्त करणाऱ्या हॉटेलांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही. सवलत आणि परतावा यांत मात्र फरक आहे. गाडी उशिरा आलेला माणूस पुन्हा गाडीत बसणारच असतो. ज्याच्या ताटात नकोसे मांस आले त्याला ‘पुढच्या ऑर्डरवर 20 टक्के सूट’ ही थट्टा वाटते, कारण ती घ्यायला त्याच स्वयंपाकघरातून पुन्हा मागवावे लागते. त्याला पैसे परत द्यायचे, कसल्याही अटीशिवाय.

पैसे परत देणेही मालकाच्या एकट्याच्या हातात नसते. ॲपवर भरलेली रक्कम ॲपच्या खात्यात जाते, परतावा तिथून मंजूर होतो आणि मग ती रक्कम हॉटेलाच्या देण्यातून वळती केली जाते. म्हणून ‘पैसे परत मिळतील’ असे लिहिण्याआधी चौदा ऑर्डर क्रमांकांची यादी ॲपकडे गेलेली असावी. सरासरी साडेतीनशे रुपये धरले तर ही रक्कम 4,900 रुपये होते. शिवाय पुन्हा शिजवलेल्या जेवणाचा खर्च वेगळा. छोट्या हॉटेलाला एका रात्रीत हा भार जाणवतो, पण तो पेलता येण्यासारखा असतो. मजकुरात पेलणार नाहीत अशी आश्वासने टाळावीत: महिनाभर फुकट जेवण, यापुढे कधीच चूक होणार नाही, उद्यापासून हॉटेल शुद्ध शाकाहारी. भावनेच्या भरात ही शेवटची घोषणाही होऊ शकते आणि आठवड्याभरात ती निस्तरावी लागते. खुद्द झोमॅटोने मार्च 2024 मध्ये शाकाहारी ग्राहकांसाठी हिरव्या पोशाखातले वेगळे डिलिव्हरीवाले जाहीर केले आणि टीका झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तो वेगळा पोशाख मागे घेतला.

मोठ्या कंपन्यांच्या गाजलेल्या माफ्यांची नक्कल छोट्या हॉटेलाने करू नये. फेब्रुवारी 2018 मध्ये ब्रिटनमध्ये केएफसीने माल पोचवणारी कंपनी बदलली आणि शेकडो दुकानांत कोंबडीच पोचली नाही. कंपनीने वर्तमानपत्रांत रिकाम्या बादलीचे चित्र छापले आणि स्वतःच्या नावातल्या तीन अक्षरांची अदलाबदल करून स्वतःलाच शिवी हासडली. लोक हसले आणि जाहिरातीचे कौतुक झाले. तिथे विनोद खपला कारण कोणाच्या पोटात नको ते गेले नव्हते. दुकान बंद होते, एवढेच. व्हेजच्या जागी चिकन गेले असताना केलेला विनोद अंगाशी येतो.

जाहीर कबुली दिली तर ती उद्या आपल्याविरुद्ध पुरावा होईल, ही भीती मालकाला असते आणि ती अगदीच निराधार नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2006 पासून असा कायदा आहे की माफी मागितली म्हणून कायदेशीर दोष मान्य केला असे धरता येत नाही. भारतात असा सर्वसाधारण कायदा नाही. पण कबुली न दिल्याने फायदा होतो असेही नाही, कारण चुकीचा पुरावा ग्राहकाच्या हातातल्या डब्यातच असतो, शिवाय बिल आणि फोटो. पुण्यातले प्रकरण या बाबतीत बोलके आहे. एका वकिलाने झोमॅटोवरून पनीर बटर मसाला मागवला, आले बटर चिकन. तक्रार केल्यावर दुसरे पार्सल आले, तेही चिकनचेच. ॲपने चूक हॉटेलाची असल्याचे म्हटले. 2019 मध्ये पुण्याच्या ग्राहक मंचाने ॲप आणि हॉटेल या दोघांनाही जबाबदार धरून एकूण 55 हजार रुपये द्यायला लावले. त्यांतले 50 हजार सेवेतल्या त्रुटीबद्दल आणि 5 हजार मनस्तापाबद्दल होते. एका डब्याच्या किमतीपुढे ही रक्कम कितीतरी मोठी आहे, आणि या प्रकरणात लक्षात ठेवण्याजोगे आहे ते दुसरे पार्सल. पहिली चूक कळूनही ती कुठून आली हे कोणी शोधले नाही, म्हणून तीच पुन्हा गेली. वरच्या प्रसंगात पहिल्या फोननंतर घाईने पाठवलेली व्हेज बिर्याणीही, पट्टीतली बिले सरळ न करता भरली असती, तर भलतीकडे गेली असती.

यासाठी दुरुस्तीची ओळ मजकुरात दुसऱ्या दिवशी यावी, त्या रात्री नाही. रात्री नऊला मालकाला चूक कशी झाली हे नुकतेच कळलेले असते. काय बदलायचे हे ठरवायला एक सकाळ लागते. बदल साधे असतात. बिल पट्टीत खोचून ठेवण्याऐवजी पिशवी भरतानाच छापायचे, किंवा भटारखान्यातली चिठ्ठी डब्यांबरोबर बाहेर आणून बिलावरच्या पदार्थांशी जुळवायची आणि मगच स्टेपल मारायचा. ऑर्डर रद्द झाली की तिचे बिल फाडून खिळ्याला टोचायचे. सामिष डब्यांवर वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावायची, म्हणजे झाकणाखाली नुसता भात दिसला तरी फसगत होत नाही. डिलिव्हरीवाला आकडे सांगेल तेव्हा काउंटरवरच्याने पदार्थांची नावे मोठ्याने वाचायची. यांतले जे खरोखर सुरू झाले तेवढेच दुसऱ्या मजकुरात लिहायचे, सोबत चौदांपैकी किती जणांचे पैसे परत झाले आणि किती अजून बाकी आहेत तेही. ज्याच्या घरी शेंगदाणे गेले तो सुखरूप आहे एवढे, त्याची परवानगी असेल तर, सांगता येते. बाकी ओळख देऊ नये.

पहिला मजकूर पुसून टाकण्याचा मोह आठवड्याभरात होतोच, कारण नवे ग्राहक हॉटेलाचे नाव शोधतात तेव्हा तोच आधी दिसतो. तो वरून खाली सरकू द्यायला हरकत नाही, पण पुसलेल्या मजकुराची लोकांनी काढून ठेवलेली छायाचित्रे फिरत राहतात आणि मग लपवाछपवीचा नवा आरोप येतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत जिल्हा आयोगाकडे जाता येते. छोट्या रकमेच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. त्यामुळे दोन्ही मजकूर, चौदा ऑर्डरींची यादी, त्या रात्रीच्या भटारखान्यातल्या चिठ्ठ्या आणि परताव्याच्या नोंदी हॉटेलाने निदान तेवढा काळ एका पाकिटात घालून गल्ल्याच्या खणात ठेवाव्यात. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडून जाते, म्हणून बिलांच्या झेरॉक्स काढून घ्याव्या लागतात.